पुराची पातळी आणि सातवीचं गणित: पाच आठवड्यांचा प्रकल्प टाचणात कसा बसवायचा

जुलैत पाऊस लागला की कोल्हापुरात सकाळी चहाच्या आधी एकच चौकशी होते: "राजाराम बंधाऱ्यावर किती झालं?" ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे इथल्या पोरांना पाढ्यांच्याही आधी पाठ असतं. म्हणून प्रकल्प पद्धतीने एखादा घटक शिकवायचा असेल तर मी नव्या शिक्षकांना हाच विषय सुचवते. आकडे रोज आपसूक मिळतात आणि मुलांना ते पुस्तकातले वाटत नाहीत.

मी सातवीला गणित शिकवते. खाली लिहिलं आहे ते एका इयत्तेचं, एका विषयाचं आणि पाच आठवड्यांचं. दोन-तीन विषय जोडून मोठा प्रकल्प करायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. विज्ञानाच्या सरांची तासिका आणि तुमची तासिका एकाच आठवड्यात जुळत नाही, आणि शेवटी सगळं तुमच्याच गळ्यात येतं.

शेवटापासून मागे या

टाचण वही उघडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. पहिली म्हणजे प्रश्न. "पंचगंगेचा पूर: एक अभ्यास" हा प्रश्न नाही, ते फायलीवरचं नाव झालं. आमचा प्रश्न असा होता: पाणी ३९ फुटांवरून ४३ फुटांवर जायला साधारण किती तास मिळतात, आणि तेवढ्या वेळात आपल्या गल्लीने काय उरकायला हवं? याचं उत्तर देताना वजाबाकी, सरासरी आणि आलेख लागणारच. प्रश्न बरोबर निवडला आहे का, हे ओळखायची माझी खूण एवढीच, की गणित न करता उत्तर देता येत असेल तर प्रश्न बदलायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी हातात काय येणार. आमच्याकडे गटागणिक एक कागद ठरला होता, गल्लीतल्या दुकानाच्या भिंतीवर लावता येईल असा. वर आलेख, खाली तीन वाक्यांचा निष्कर्ष, बस्स. थर्माकोलची नदी नको आणि फ्लेक्स तर अजिबात नको. पहिल्या वर्षी मी प्रदर्शन ठेवलं आणि सर्वांत चकचकीत फ्लेक्सला सर्वांत जास्त गुण दिले. तो वडिलांनी छापखान्यातून करून आणला होता हे नंतर कळलं, आणि त्या मुलाला इंचांचे फूट करता येत नव्हते हे त्याहून नंतर. तेव्हापासून नियम एकच: जे होईल ते वर्गात होईल आणि वर्गाच्या कपाटातच राहील.

तासिका कुठून आणायच्या

मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पोर्शन मागं राहिला तर?" प्रश्न रास्त आहे. प्रकल्प पोर्शनच्या वर ठेवला तर तो राहणारच. म्हणून प्रकल्पाच्या पोटात धडे घालायचे.

आमच्या पुस्तकात जोडस्तंभालेख पहिल्या सत्रात येतो आणि सरासरीचा सांख्यिकीचा पाठ दुसऱ्या सत्राच्या शेवटी. मी सांख्यिकी पुढे ओढली. तशी नोंद वार्षिक नियोजनात तांबड्या शाईने केली आणि त्यावर सही घेतली. ही सही विसरू नका. तपासणीला कुणी आलं आणि जुलैत सांख्यिकी दिसली, की तिथूनच विचारपूस सुरू होते.

हिशोब असा. आमच्याकडे गणिताला आठवड्याला ७ तासिका आहेत, म्हणजे पाच आठवड्यांच्या ३५. प्रकल्पाला मी १२ घेतल्या: पहिल्या दोन आठवड्यांत दोन-दोन, पुढच्या दोन आठवड्यांत तीन-तीन, शेवटच्यात दोन. हे दोन पाठ नेहमीच्या पद्धतीने शिकवायला ९ लागल्याच असत्या. म्हणजे खऱ्या अर्थाने जादा गेल्या त्या फक्त ३. मुख्याध्यापकांपुढे १२ नव्हे, हा ३चा आकडा ठेवा. उरलेल्या २३ तासिकांत बाकीचं पुस्तक नेहमीसारखं चालू राहतं.

आठवड्यातल्या दोन प्रकल्प-तासिका शक्यतो लागोपाठच्या घ्या. ३५ मिनिटांत गट बसवून, वह्या वाटून, पुन्हा आवरायचं म्हटलं तर कामाला वीसच मिनिटं उरतात. माझी गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधीची जोडतासिका होती. मुलं सुट्टीतली दहा मिनिटं स्वतःहून द्यायची, तो वरचा फायदा.

टप्पा म्हणजे हातात घेऊन बघता येईल अशी वस्तू

नव्या शिक्षकाच्या टाचणात प्रकल्पाच्या रकान्यात बहुतेक वेळा "गटकार्य चालू" असं दिसतं. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्यातही तेच. मग पाचव्या आठवड्यात कळतं की तीन गटांनी काहीच केलेलं नाही. टप्पा असा हवा की आठवड्याच्या शेवटी गटाने वही पुढे केली आणि दोन मिनिटांत तुम्हाला "झालं" किंवा "परत करा" म्हणता आलं. ४५ मुलांचे पाच-पाच जणांचे ९ गट असतील तर १८ मिनिटं लागतात, म्हणजे एका तासिकेत बसतं. टप्प्याला गुण देऊ नका. गुण दिले की मुलं चूक लपवतात, आणि टप्पा असतो चूक सापडावी म्हणून.

पहिल्या आठवड्याचा टप्पा: पाच दिवसांच्या नोंदी असलेली गटाची वही. गटातल्या प्रत्येकाला एक वार वाटून दिलेला असतो. त्या वारी बंधाऱ्यावरची सकाळची पातळी त्यानेच आणायची. जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा आकडा रोज जाहीर होतो, वर्तमानपत्रातही येतो. एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा, आणि पालकांनाही लेखी कळवा: पाणी बघायला कुणीही नदीवर जायचं नाही.

शेजारच्या रकान्यात शाळेतला पाऊस. यासाठी सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वरचा भाग कापून उलटा बसवला, तळात खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ मारली आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवली. बाटलीची मधली भिंत सरळ हवी. कंबर असलेली बाटली घेतली तर आकडा चुकतो. आणि ती भिंतीलगत किंवा झाडाखाली ठेवू नका, मैदानात मोकळ्यावर ठेवा. हवामान खात्याची पावसाची नोंद सकाळी साडेआठची असते आणि आमची शाळा भरल्यावरची. त्यामुळे त्यांच्या आणि आमच्या आकड्यांची दिवसागणिक तुलना करायची नाही, हे मुलांच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

दुसऱ्या आठवड्याचा टप्पा: प्रत्येकाने स्वतः काढलेली आठवड्याची सरासरी चढ, आणि गटाने उतरवून घेतलेले एका जुन्या वर्षाचे त्याच तारखांचे आकडे. जोडस्तंभालेखाला दोन वर्षं लागतात. २०१९ चा पूर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला आणि २०२१ चा जुलैच्या चौथ्या आठवड्यातला. दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. तुमच्या पाच आठवड्यांत यांपैकी काय येतं ते पाहून वर्ष निवडा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात किंवा जवळच्या वाचनालयात आधी तुम्ही जाऊन या. मुलांना थेट पाठवलं तर ती अर्धा दिवस चित्रं बघत बसतात (मीही बसले होते).

तिसऱ्या आठवड्यात आलेख, चौथ्यात निष्कर्षाचा कच्चा मसुदा, पाचव्यात भिंतीवरचा कागद आणि तोंडी. आलेख प्रत्येकाने आपापला काढायचा, गटाचा एक नाही. प्रमाण १ सेंमी = ५ फूट ठेवलं की ४५ फूट ९ सेंमीत बसतात, आणि १ मिलिमीटर म्हणजे अर्धा फूट येतो. म्हणून आलेखापुरते आकडे जवळच्या अर्ध्या फुटाला आणायचे. काही मुलं कागद वाचवायला उभा अक्ष ३० फुटांपासून सुरू करतात. मग ३१ आणि ३३ फुटांचे स्तंभ शेजारी ठेवले की दुसरा पहिल्याच्या तिप्पट दिसतो. ही चूक कुणी केलीच तर लगेच खोडायला लावू नका. फळ्यावर दोन्ही आलेख शेजारीशेजारी काढा आणि विचारा, नदी खरंच तिप्पट झाली का? सातवीच्या मुलाला हे एकदा कळलं की बातमीतला आलेख तो वेगळ्या नजरेने बघतो.

फूट, इंच आणि तो एक टिंब

पहिल्या आठवड्यातली एक तासिका मी पूर्णपणे यावर घालवते, कारण इथे घसरलं तर पुढचे चारही आठवडे चुकीच्या आकड्यांवर उभे राहतात.

पातळी कधी "३९ फूट ६ इंच" अशी कळते, कधी घाईत कुणीतरी "३९.६" असं मोबाईलवर पाठवतं. मुलगा वहीत ३९.६ लिहितो आणि दशांश अपूर्णांक समजून गणित करतो. पण ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९.५ फूट, कारण फुटाचे इंच १२. खरी गंमत पुढे होते. ३९ फूट ९ इंचांचं ३९.९ झालं आणि दुसऱ्या दिवशी ३९ फूट १० इंचांचं ३९.१०, तर दशांशाच्या नियमाने पाणी उतरलं असं निघतं! एका गटाने तसा निष्कर्षही काढला होता: नऊ इंचांवरून दहा इंचांवर जाताना नदीला ओहोटी.

उपाय साधा. वहीत तीन रकाने करायचे: फूट, इंच, आणि "सगळे इंच". ३९ फूट ६ इंच म्हणजे ३९ × १२ + ६ = ४७४ इंच. सगळी वजाबाकी आणि सरासरी या तिसऱ्या रकान्यावर करायची आणि उत्तर शेवटी फूट-इंचांत आणायचं. टिंब असलेला आकडा कुठून आला तर तो फूट-इंच आहे की दशांश, हे विचारल्याशिवाय वहीत चढवायचा नाही. पहिला टप्पा तपासताना मी फक्त हा तिसरा रकाना बघते. तो बरोबर असला की बाकीचं बहुतेक बरोबर असतं.

गुणदान तक्ता पहिल्या तासिकेलाच

सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापनाचे ४० गुण आणि संकलितचे ६०. त्या ४० मधले १२ मी प्रकल्पाला ठेवले. १२ का, तर चार निकष आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण. थेट बेरीज, रूपांतराची भानगड नाही. आठ-आठ निकषांचे तक्ते बघायला छान वाटतात, पण ४५ मुलांचे ३६० चौकोन भरताना शेवटच्या वीस मुलांना आपण डोळे मिटून गुण देतो.

निकष असे: नोंदी, आलेख, निष्कर्ष, तोंडी समजावणं. नोंदी आणि निष्कर्ष गटाचे, म्हणजे पाचही जणांना तेच गुण. आलेख आणि तोंडी प्रत्येकाचे स्वतःचे. असं निम्मंनिम्मं ठेवलं की एकट्याने राबणाऱ्या मुलीवर अन्याय होत नाही आणि मागे बसून राहणाऱ्यालाही सुटता येत नाही.

तक्त्यात "उत्तम, चांगले, साधारण" असे शब्द लिहिले तर तक्ता केला काय न केला काय, सारखंच. काय दिसलं तर किती गुण, ते लिहा. निष्कर्षाचा निकष मी असा लिहिला:

० – निष्कर्ष नाही, किंवा नोंदींशी त्याचा संबंध नाही.
१ – सर्वसाधारण विधान आहे, वहीतला एकही आकडा नाही.
२ – वहीतले किमान दोन आकडे घेऊन त्यांवर बरोबर गणित केलं आहे.
३ – वरचं सगळं आहे, शिवाय हे उत्तर कुठे चुकू शकतं ते एका कारणासह सांगितलं आहे.

आता हा तक्ता चालवून बघू. समजा, एका गटाने लिहिलं, "पाऊस वाढला की नदीचं पाणी वाढतं." खोटं नाही, पण यासाठी पाच आठवडे कशाला हवेत? एक गुण.

दुसऱ्या गटाने लिहिलं, "मंगळवारी सकाळी ८ ला पातळी ३९ फूट २ इंच होती, बुधवारी सकाळी ८ ला ४१ फूट ८ इंच. २४ तासांत ३० इंच वाढ, म्हणजे तासाला सव्वा इंच. ४३ फुटांना १६ इंच कमी आहेत. १६ भागिले १.२५ म्हणजे १२.८ तास. बुधवारी रात्री पावणेनऊच्या सुमारास धोका पातळी येईल." गणित चोख आहे. दोन गुण.

तिसरा गुण मिळवायचा तर त्यांना आणखी एक वाक्य लिहावं लागेल. नदी तासाला सव्वा इंच याच वेगाने चढत राहील हे आपण धरून चाललो आहोत. पाणी पात्राबाहेर पडून शेतात पसरलं की तेवढ्याच पाण्याने पातळी कमी चढते. उलट राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे मध्येच उघडले तर वेग वाढूही शकतो. यांपैकी एक कारण पुरे. चौथ्या आठवड्यात मसुदा तपासताना मी उत्तर सांगत नाही, फक्त समासात लिहिते: "हे कधी खोटं ठरेल?" बहुतेक गट घरी आजोबांना विचारून येतात, आणि आजोबांना ते माहीत असतंच.

शाळेतल्या पावसाचा रकाना इथे कामाला येतो. बाटलीत जेमतेम चार मिलिमीटर आणि नदी मात्र दोन फूट वर, असा दिवस हमखास येतो. मुलं गोंधळतात, काही तर बाटलीचा आकडा "दुरुस्त" करतात. तो आकडा तसाच राहू द्या. पंचगंगेचं पाणी गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडच्या पावसाचं. ते कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून येतं. शहरातल्या बाटलीत ते दिसणार कुठून? ज्या गटाने हा विसंगत दिवस लपवला नाही, त्याला नोंदींत पूर्ण तीन गुण. असं तक्त्यातच लिहून ठेवा: "खाडाखोड न करता विसंगत नोंद ठेवली आहे."

तोंडीला प्रत्येकी दीड मिनिट. प्रश्न एकच, पण आकडा वेगळा: "तुझ्या वहीतली ही नोंद घे आणि ४३ फुटांना किती इंच कमी आहेत सांग. हे कसं काढलंस?" एकाच गटातले दोघे घ्या. दोघांनाही नोंदींचे २ आणि निष्कर्षाचे ३ मिळालेत. एकीला आलेखाचे ३ आणि तोंडीचे ३, एकूण ११. दुसऱ्याचा आलेख ३० फुटांपासून सुरू होतो आणि तोंडीत तो इंच-फुटांत अडतो, त्याला १ आणि १, एकूण ७. पालक विचारायला आले तर दोन्ही आलेख समोर ठेवा, फार बोलावं लागत नाही.

शाळेला सुट्टी पडली तर

पडतेच. ज्या आठवड्यात आकडे सर्वांत मोलाचे असतात त्याच आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश येतो. म्हणून टाचणात टप्प्यापुढे तारीख लिहू नका, तासिकेचा क्रमांक लिहा: "प्रकल्प तासिका ७: आलेख तपासणी." चार दिवस शाळा बंद राहिली तर टप्पे आपोआप चार दिवस सरकतात, आणि तांबडी शाई कमी लागते. ज्या दिवशी तासिका झाली त्या दिवशी समासात तारीख टाकायची.

पातळीचा आकडा सुट्टीतही मिळत राहतो. गटातल्या ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याने तो लिहून ठेवायचा. घरी कुणाकडे पाणी आलं असेल, स्थलांतर झालं असेल, तर त्या मुलाकडून नोंद मागायची नाही, शेजारचा गट देतो. बाटलीतला पाऊस मात्र साठत राहतो. शाळा उघडल्यावर मुलं तो चारने भागून चार दिवसांत वाटून टाकतात. तसं करू देऊ नका. पहिल्या तीन दिवसांच्या चौकोनांत रेघ मारायची आणि चौथ्यात "४ दिवसांचा एकूण" असं लिहायचं. रेघ म्हणजे शून्य नव्हे, हेही तेव्हाच सांगून टाका, नाहीतर सरासरी काढताना ती शून्य म्हणून मोजली जाते. बाटली काठोकाठ भरली असेल तर आकड्यापुढे "किंवा जास्त" लिहायचं.

एखाद्या वर्षी उलटंही होतं: पाच आठवडे संपतात आणि पाणी ३९ ला शिवतही नाही. तेव्हा प्रश्न तोच ठेवायचा आणि उत्तर जुन्या वर्षाच्या नोंदींतून काढायचं. या वर्षीचे आकडे आलेखात दुसरा स्तंभ म्हणून राहतातच. म्हणून तर दुसऱ्या आठवड्यातला जुन्या आकड्यांचा टप्पा सोडायचा नसतो.

गुण आकारिक नोंदवहीत चढवून झाले की भरलेले तक्ते, एका चांगल्या आणि एका कच्च्या गटाची वही आणि सही घेतलेल्या वार्षिक नियोजनाची प्रत एकत्र बांधून ठेवा. बाकीच्या गटांच्या वह्याही रद्दीत घालू नका. पुढच्या वर्षीच्या सातवीला जोडस्तंभालेखाचा दुसरा स्तंभ त्यांतूनच मिळतो, आणि वाचनालयाची एक फेरी वाचते.